४९९ की ७९९? आधी सांगा, किती महिने राहणार?

माझा भाचा ओंकार नोकरीसाठी पुण्यात वाकडला राहायला गेला. घर मिळालं, गॅस मिळाला, आणि तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "मावशी, सोसायटीच्या गेटवर दोन वायफायवाल्यांची पत्रकं मिळालीत. एक ४९९ म्हणतो, दुसरा ७९९. ४९९ वालाच घेतो ना?"

मी लग्नाआधी सहा वर्षं एका केबल ऑपरेटरच्या ऑफिसात बिलं काढली आहेत. तेव्हापासून पत्रकावरचा मोठा आकडा दिसला की माझी नजर आपोआप तळाच्या बारीक अक्षरांकडे जाते. दोन्ही पत्रकांचे फोटो पाठव म्हटलं. एक निळं होतं, एक पिवळं. कंपन्यांची नावं बाजूला ठेवू. वेग दोन्हीकडे १०० एमबीपीएस आणि महिन्याची डेटाची मर्यादा ३,३०० जीबी, म्हणजे माल सारखाच. हे आधी बघून घ्यावं, कारण एकीकडे ५० आणि दुसरीकडे १०० असेल तर नुसत्या पैशांची तुलना फसवी ठरते.

निळ्या पत्रकावर ठळक अक्षरात ४९९ रुपये महिना. खाली बारीक अक्षरात तीन गोष्टी. ४९९ हा दर पहिल्या सहा महिन्यांचा, पुढे ६९९. जोडणीचे १,००० रुपये. आणि राउटर हप्त्याने, महिन्याला १५० रुपये, बारा हप्ते. मधेच जोडणी सोडली तर उरलेले हप्ते एकदम भरायचे.

पिवळ्यावर ७९९ रुपये महिना. वर्षाचे पैसे एकदम भरले तर बारा महिन्यांच्या पैशात तेरा महिने, जोडणी फुकट. राउटर वापरायला मिळतो, त्यासाठी १,५०० रुपये डिपॉझिट, राउटर परत दिला की परत मिळणार. पहिल्या वर्षानंतर हवं तर महिन्याच्या महिन्याला ७९९ भरा. वर्षाचे भरलेले पैसे मात्र मधेच सोडल्यास परत नाहीत.

आणि दोन्ही पत्रकांवर, अगदी तळाला, "जीएसटी वेगळा".

तिथूनच सुरुवात करू. ब्रॉडबँडच्या जाहिरातीतला दर बहुतेक वेळा कराशिवायचा असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ४९९ चे ५८९ होतात, ६९९ चे ८२५ आणि ७९९ चे ९४३. मोबाइलच्या प्रीपेड रिचार्जचं उलट असतं. तिथे दुकानदार जो आकडा सांगतो त्यात कर धरलेला असतो. त्यामुळे "घरात वायफाय घेण्यापेक्षा मोबाइलचा मोठा पॅक मारतो" असा हिशोब कोणी करत असेल, तर त्याने ब्रॉडबँडच्या दरात १८ टक्के मिळवूनच दोन आकडे शेजारी ठेवावेत.

आता खरा हिशोब. ओंकारने आधी जे केलं तेच बहुतेक जण करतात. त्याने निळ्याचा पहिल्या महिन्याचा खर्च काढला, मग वर्षाचा काढला, आणि दोन वेगळी उत्तरं आल्यावर गोंधळला. मी त्याला ऑफिसातली आमची जुनी पद्धत सांगितली. प्रत्येक योजनेचे दोनच भाग करायचे. एक, सवलत संपल्यावर कायम लागणारा महिन्याचा दर. दोन, एकदाच घडणाऱ्या सगळ्या गोष्टींची गोळाबेरीज. त्यात जोडणी, उपकरणाचे हप्ते यांची बेरीज करायची आणि सुरुवातीची सवलत वजा करायची. मग ती गोळाबेरीज जितके महिने वापरणार तितक्यांवर वाटून टाकायची.

महिन्याचा खरा खर्च = कायमचा दर + (एकदाचा खर्च − सवलत) ÷ महिने

निळ्याचा कायमचा दर ८२५ रुपये. ४९९ नव्हे, तो सहा महिन्यांचा पाहुणा आहे. एकदाचा खर्च म्हणजे जोडणीचे १,००० आणि राउटरचे बारा हप्ते मिळून १,८००, एकूण २,८००, करासह ३,३०४. सवलत म्हणजे सहा महिने दरमहा २०० रुपये कमी, एकूण १,२००, करासह १,४१६. वजाबाकी केली की उरतात १,८८८ रुपये. म्हणजे पत्रकावर एवढी मिरवलेली सवलत राउटर आणि जोडणीने खाऊन टाकली आणि वर आणखी १,८८८ आपल्याच खिशातून गेले.

पिवळ्याचा कायमचा दर ९४३. तिथे एकदाचा खर्च काही नाही, उलट एक महिना फुकट, म्हणजे ९४३ रुपये आपल्या बाजूला जमा. पण अट ही की पहिल्याच दिवशी ११,३१४ रुपये मोजायचे.

आता दोघांना शेजारी ठेवा. निळा दरमहा ११८ रुपयांनी स्वस्त आहे, पण शर्यत सुरू होतानाच २,८३१ रुपयांनी मागे आहे, कारण त्याच्या डोक्यावर १,८८८ चं ओझं आहे आणि पिवळ्याच्या हातात ९४३ ची भेट. २,८३१ ला ११८ ने भागलं की २४ येतात. निळा पिवळ्याला गाठतो तो चोविसाव्या महिन्यात. तेव्हा दोघांचा आतापर्यंतचा खर्च २१,६८४ च्या आसपास येतो, फरक जेमतेम एका रुपयाचा, आणि महिन्याला दोन्हीकडे ९०३ ते ९०४ पडतात. त्यानंतर निळा पुढे. तीन वर्षं राहिलात तर निळा महिन्याला ८७७ ला पडतो, पिवळा ९१७ ला.

तेरा महिन्यांवर चित्र उलटं दिसतं. पिवळ्याला ८७० पडतात, निळ्याला ९७०. शंभर रुपयांचा फरक, आणि तोही ज्याचं पत्रक तीनशेने महाग दिसत होतं त्याच्या बाजूने.

"म्हणजे पिवळा घेऊ?" ओंकार म्हणाला.

"तुझा करार किती महिन्यांचा आहे?"

भाड्याच्या घरात राहणाऱ्याला हे उत्तर तोंडपाठ असतं. अकरा महिने. घरमालक पुढे वाढवून देईल की नाही, याबद्दल "बघू" एवढंच बोलणं झालं होतं. त्यात वर्षभराने हैदराबादच्या ऑफिसात बदली होण्याची शक्यता. अकरा महिन्यांनी गाशा गुंडाळावा लागला तर पिवळ्याचे ११,३१४ रुपये अकरावर वाटले जातात आणि महिना १,०२९ ला पडतो. फुकटचा तेरावा महिना आणि पैसे भरलेला बारावा, दोन्ही मागे राहतात. निळ्याचं ओझं १,८८८, अकरावर वाटलं की १७२, आणि ८२५ मिळवले की ९९६ किंवा ९९७, रुपयाची ओढाताण सोडा. म्हणजे अकरा महिन्यांवर निळा स्वस्त, साडेअकरापासून चोवीसपर्यंत पिवळा स्वस्त, आणि चोवीसनंतर पुन्हा निळा. "कोणता प्लॅन स्वस्त" या प्रश्नाला एकच उत्तर नसतं ते यामुळे. तो आकडा पत्रकात नसतो, निम्मा तुमच्या भाडेकरारात असतो.

इथे एक फोन मात्र करून घ्यावा. घर बदललं तर जोडणी नव्या पत्त्यावर हलवून मिळते का, आणि किती पैसे पडतात? बहुतेक कंपन्या आपल्या भागात असेल तर हलवतात, काही त्याचे पैसे घेतात. नवं घर त्याच भागात मिळणार असेल तर पिवळ्याचे उरलेले महिने वाया जात नाहीत आणि अकरा महिन्यांचा तो सगळा हिशोब रद्द होतो. हैदराबादला गेला तर अर्थातच नाही.

आता डिपॉझिट. मी ते १,५०० रुपये पिवळ्याच्या खर्चात धरले नाहीत, कारण ते परत मिळायचे असतात. पण बिलांच्या टेबलावर बसून मी एवढं पाहिलंय की परत मिळण्याच्या वाटेत राउटरपेक्षा त्याचा चार्जर जास्त अडतो. लोक राउटर देतात, अडॅप्टर दुसऱ्या कशाला तरी लावलेला असतो, आणि "वस्तू अपूर्ण" म्हणून रक्कम कापली जाते. किंवा पावतीच नसते. घेताना पावतीवर "डिपॉझिट, परतावायोग्य" असं लिहून घ्यावं आणि राउटरच्या पाठीवरचा सिरियल नंबर त्याच पावतीवर यावा. पैसे बुडालेच तर तेरा महिन्यांवर दरमहा ११५ रुपये वाढतात. एवढ्याने पिवळ्याचा सगळा फायदा उलटू शकतो.

हप्त्यांबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण "महिन्याला फक्त १५०" या तीन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात.

पहिली निळ्यातली. बारा हप्ते, मग संपले, राउटर आपला. तिथे हप्त्यांची बेरीज हीच किंमत. ती बाजारभावाशी ताडून बघता येते. १,८०० अधिक कर म्हणजे २,१२४ रुपये. त्याच दर्जाचा राउटर दुकानात कितीला मिळतो, हे विचारायला दहा मिनिटं पुरतात.

दुसरी म्हणजे भाडं. बिलावर "राउटर चार्जेस" किंवा "सीपीई रेंटल" अशी ओळ दिसते आणि ती कधीच संपत नाही. अशा वेळी ती रक्कम एकदाच्या खर्चात न घालता कायमच्या दरात मिळवायची. दरमहा ५० रुपयांचं भाडं तीन वर्षांत १,८०० होतं आणि शेवटी राउटरही आपला नसतो. हप्ता की भाडं, हे ओळखायचं तर एकच प्रश्न विचारावा, "ही ओळ बिलातून कधी जाईल?"

तिसरी मोबाइल हँडसेटची, क्रेडिट कार्डावरच्या "नो कॉस्ट ईएमआय" ची. २४,००० चा फोन, दरमहा २,०००, बारा महिने, बेरीज २४,०००. वरवर पाहिलं तर व्याज शून्य. पण बँक आपलं व्याज लावतेच. दुकानदार तेवढी रक्कम आधी किमतीतून कमी करतो एवढंच. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. १५ टक्के दर धरला तर वरच्या उदाहरणात बँकेचं कर्ज सुमारे २२,१५९ रुपयांचं असतं आणि व्याज १,८४१ चं. या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, ३३१ रुपये, आणि तो दुकानदार भरत नाही, तुमच्या कार्डाच्या बिलात महिन्याला थोडा थोडा येतो. त्यात प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासह २३५. झाले ५६६, म्हणजे दरमहा ४७ रुपये. भीषण काही नाही. पण रोख घेतल्यास दुकानदार हजार-दीड हजार सोडत असेल तर तेही या हप्त्याच्याच खात्यात लिहायला हवेत.

फोनचा हप्ता आणि रिचार्ज हे दोन्ही एकत्र धरून तुलना करणाऱ्यांची आणखी एक चूक होते, ती दिवसांची. मोबाइलचा "महिना" पुष्कळदा २८ दिवसांचा असतो. वर्षात असे तेरा रिचार्ज होतात. समजा ३४९ रुपयांचा २८ दिवसांचा पॅक आहे. तेरा वेळा भरले की ४,५३७, बारा महिन्यांवर वाटले की ३७८. म्हणजे ३४९ च्या पॅकचा खरा महिना ३७८ ला पडतो. तक्रारी इतक्या झाल्या की दूरसंचार नियामक ट्रायने २०२२ च्या जानेवारीत प्रत्येक कंपनीला निदान एक तरी पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला रिचार्ज होणारा ठेवायला लावला. पण २८ दिवसांचे पॅक गेलेले नाहीत. दोन पॅक ताडताना किमतीला दिवसांनी भागावं. ३४९ भागिले २८ म्हणजे दिवसाला १२ रुपये ४६ पैसे. ८४ दिवसांचा पॅक ८५९ ला असेल तर दिवसाला १० रुपये २३ पैसे. डेटा दोन्हीकडे सारखा असेल, तर एवढं केलं की बाकी काही बघावं लागत नाही.

ओटीटीची लालूच मी हिशोबात एकाच नियमाने घेते. त्या पॅकमुळे मी आधीपासून भरत असलेली एखादी वर्गणी बंद करणार असेन, तर तेवढे पैसे वजा. नाही तर शून्य. ओंकारला निळ्याबरोबर जे चार ॲप फुकट मिळणार होते त्यातल्या एकाचं नावही त्याने ऐकलेलं नव्हतं.

पहिलं बिल आलं की घाबरू नये, हेही सांगून ठेवते. पोस्टपेड असेल तर पहिल्या बिलात चालू महिन्याचे उरलेले दिवस, पुढच्या महिन्याचं आगाऊ भाडं आणि जोडणीचे पैसे एकत्र येतात, त्यामुळे ते दुप्पट-अडीचपट दिसतं. खरी परीक्षा सातव्या बिलाची, सवलत संपते तेव्हाची. तिथे ६९९ च्या जागी ७४९ दिसले तर भांडायला पत्रक हातात असावं लागतं. पत्रकाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवावा, आणि विक्रेत्याने तोंडी सांगितलेलं "नंतरही ४९९ च राहील" हे त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं. लिहून द्यायला तयार नसेल तर ते खरं नाही असं समजून हिशोब करावा.

इतका हिशोब झाल्यावर मी ओंकारला विचारलं की तुझ्या हॉस्टेलवरचा राउटर कुठे आहे. कपाटात, बॉक्समध्ये, अडॅप्टरसकट. मग निळ्यावाल्यांना फोन करून एकच विचारायला सांगितलं, स्वतःचा राउटर चालेल का?

हे सगळीकडे चालत नाही. फायबरच्या तारेतला प्रकाश राउटरला कळत नाही, मधे एक छोटा डबा लागतो, त्याला ओएनयू म्हणतात. काही कंपन्या डबा आणि राउटर एकाच पेटीत देतात, मग स्वतःचा राउटर मुख्य म्हणून लावता येत नाही. बऱ्याच स्थानिक कंपन्या डबा वेगळा देतात, आणि त्याला कुठलाही राउटर जोडता येतो. निळ्यावाल्यांचा डबा वेगळा होता. राउटर ऐच्छिक होता. पत्रकात हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

राउटरचे २,१२४ रुपये गेले की निळ्याचं १,८८८ चं ओझं संपून उलट २३६ ची जमा उरते. अकरा महिन्यांवर महिना ८०३ ला. तेरावर ८०७, चोवीसवर ८१५. पिवळा कुठल्याच महिन्यावर त्याच्या जवळ येत नाही, आणि घर सुटलं तरी वाया जायला काही नाही.

फक्त त्या जुन्या राउटरच्या पाठीवर बघ म्हटलं. पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील तर तारेने नव्वदच्या थोडं वर मिळतील, त्याने काही बिघडत नाही. पण तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा असेल तर बेडरूममध्ये वेग निम्म्याने पडू शकतो, कारण वाकडच्या टॉवरमध्ये शेजारच्या पन्नास घरांची वायफाय त्याच पट्ट्यात गर्दी करून असतात. त्याचा निघाला ड्युअल बँड, म्हणजे ५ गिगाहर्ट्झवरही चालणारा. शनिवारी माणूस येऊन तार टाकून गेला, करासह १,१८० रुपये घेतले, आणि संध्याकाळी ओंकारने ९२ चा स्पीड टेस्ट पाठवला. सोबत पावतीचा फोटोही.